सोन्याचा लहानसा कण आणि त्याचा द्रवणांक

एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रात द्रवणांकाला पदार्थाच्या ओळखपत्राचे स्थान होते. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना आणि कथील २३२ अंशांना, हे आकडे त्या त्या धातूचे स्वभावधर्म मानले जात, आणि एखाद्या नमुन्याचा द्रवणांक ठरलेल्या आकड्यापेक्षा खाली आला तर नमुना अशुद्ध आहे असा निष्कर्ष निघे. या व्यवहारात एक गृहीतक दडलेले होते, ते असे की नमुना एवढा मोठा आहे की त्याच्या पृष्ठभागावरचे अणू हिशेबात धरण्याची गरज नाही. एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, व्यासाच्या सोन्याच्या कणातसुद्धा दर हजार अणूंमागे जेमतेम दोन अणू सर्वांत बाहेरच्या थरात असतात, त्यामुळे ते गृहीतक रोजच्या कामात कधीच अडले नाही. मात्र कणाचा व्यास ५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या पाचपट, इतका केला तर त्यातील सुमारे चार हजार अणूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश अणू पृष्ठभागावर येतात, आणि व्यास २.५ नॅनोमीटर केला तर उरलेल्या सुमारे पाचशे अणूंपैकी निम्म्याहून अधिक. अशा कणाचा द्रवणांक कोणता, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात शंभराहून अधिक वर्षे गेली. त्या शोधाच्या ओघात असे दिसून आले की द्रवणांक हा पदार्थाचा जितका गुण आहे तितकाच त्याच्या आकारमानाचाही आहे.

या शोधाची सुरुवात घन पदार्थापासून झाली नाही, ती पाण्याच्या वाफेपासून झाली. ग्लासगो येथे प्राध्यापक असलेले सर विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने ओळखले गेले, त्यांनी १८७१ मध्ये द्रवाच्या वक्र पृष्ठभागावरील बाष्पाच्या समतोलाविषयी एक लेख प्रसिद्ध केला. द्रवाच्या आत असलेल्या रेणूला सर्व बाजूंनी शेजारी असतात आणि पृष्ठभागावरील रेणूला बाहेरच्या बाजूने ते नसतात, म्हणून पृष्ठभाग वाढवण्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते, आणि दर चौरस मीटरमागे लागणाऱ्या या ऊर्जेला पृष्ठीय ऊर्जा म्हणतात. थेंबातून एक रेणू निघून गेला की थेंब किंचित लहान होतो आणि त्याचा पृष्ठभागही किंचित आकसतो. ही आकसण्यातून होणारी बचत मोठ्या थेंबात नगण्य असते, पण लहान थेंबात दर रेणूमागे ती लक्षणीय ठरते, म्हणून लहान थेंबातील रेणू अधिक सहज बाहेर पडतात आणि त्याच्याभोवतीचा समतोल बाष्पदाब सपाट पाण्यावरील बाष्पदाबापेक्षा जास्त असतो. ही वाढ त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात जाते. एक मायक्रोमीटर त्रिज्येच्या पाण्याच्या थेंबासाठी ती हजारात एक भाग एवढीच असते, तर दहा नॅनोमीटर त्रिज्येला ती सुमारे अकरा टक्क्यांवर पोहोचते. वक्रतेची दिशा उलटली, म्हणजे पृष्ठभाग अंतर्वक्र झाला, की परिणामही उलटतो, आणि सुती कापड किंवा ओटचे पीठ हवेतील ओलावा का धरून ठेवते याचे स्पष्टीकरण थॉमसन यांनी याच तत्त्वातून दिले होते.

त्याच दशकात अमेरिकेतील येल येथे जोसाया विलर्ड गिब्ज यांनी १८७५ ते १८७८ या काळात आपला दीर्घ प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात पृष्ठभागाला उष्मागतिकीच्या हिशेबात घन, द्रव आणि वायू यांच्या बरोबरीचे स्थान मिळाले, कारण प्रत्येक पृष्ठभागाला स्वतःची ऊर्जा असते आणि दोन अवस्थांचा समतोल तपासताना ती ऊर्जा वगळता येत नाही, हे गिब्ज यांनी दाखवून दिले. १८८८ मध्ये केंब्रिजच्या जे. जे. थॉमसन यांनी, म्हणजे पुढे १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लावणाऱ्या थॉमसन यांनी, गतिशास्त्राचा भौतिकी आणि रसायनशास्त्रातील उपयोग सांगणाऱ्या आपल्या ग्रंथात हा विचार गोठण्याच्या आणि वितळण्याच्या क्रियेपर्यंत नेला. वितळताना पदार्थाची पृष्ठीय ऊर्जा बदलत असेल तर लहान नमुन्याचा द्रवणांक मोठ्या नमुन्यापेक्षा वेगळा असला पाहिजे, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. आज पाठ्यपुस्तकांत ज्याला गिब्ज-थॉमसन परिणाम म्हणतात, त्या नावातील थॉमसन नेमके कोण याविषयी वाचकाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण बाष्पाचे समीकरण एका थॉमसन यांचे आहे आणि वितळण्याकडे वळवलेला युक्तिवाद दुसऱ्या थॉमसन यांचा.

या टप्प्यावर एक प्रश्न मोकळाच होता. वाफेच्या बाबतीत पृष्ठभाग एकाच गोष्टीला असतो, तो थेंबाला. वितळण्याच्या बाबतीत मात्र वितळण्यापूर्वीचा घन कण आणि वितळल्यानंतरचा द्रव कण या दोघांनाही पृष्ठभाग असतो, आणि दोघांचीही ऊर्जा कण लहान झाल्यामुळे वाढते. मग या दोन वाढींतून द्रवणांक खाली जाईल की वर, आणि किती? या प्रश्नाला आकड्यांत उतरवता येईल असे उत्तर १९०९ मध्ये मिळाले. ओडेसा येथील रसायनशास्त्रज्ञ पावेल पावलोव्ह यांनी एका जर्मन भौतिकी-रसायन नियतकालिकात घन पदार्थाच्या पृष्ठीय ऊर्जेवर त्याचा द्रवणांक कसा अवलंबून असतो याची सविस्तर मांडणी केली. त्यांनी सारख्याच वस्तुमानाचे दोन गोलाकार कण कल्पिले, एक पूर्ण घन आणि एक पूर्ण द्रव, आणि दोन्ही कण एकाच बाष्पाशी समतोलात असतील असे तापमान शोधले. ज्या तापमानाला दोघांपैकी कोणालाही दुसऱ्यापेक्षा अधिक बाष्प सोडण्याचे कारण उरत नाही, तोच त्या आकारमानाच्या कणाचा द्रवणांक.

पावलोव्ह यांच्या सूत्राची रचना शब्दांत सांगता येते. द्रवणांकातील घट भागिले मूळ द्रवणांक हे गुणोत्तर काढण्यासाठी दोनला घनाची घनता, अप्रकट उष्मा आणि कणाची त्रिज्या या तिघांच्या गुणाकाराने भागायचे, आणि आलेल्या संख्येला घन व द्रव यांच्या पृष्ठीय ऊर्जांच्या फरकाने गुणायचे. अप्रकट उष्मा म्हणजे तापमान न बदलता पदार्थ वितळवण्यासाठी लागणारी उष्णता. फरक काढताना द्रवाच्या ऊर्जेत एक लहानशी दुरुस्ती करावी लागते, कारण वितळल्यावर कण थोडा फुगतो आणि त्याचा पृष्ठभागही तेवढा वाढतो. तापमाने येथे निरपेक्ष मापनात, म्हणजे केल्व्हिनमध्ये, घ्यावी लागतात, आणि त्या मापनात सोन्याचा द्रवणांक १३३७ आहे.

हे सूत्र सोन्याला लावून पाहिले की त्यातील बारकावा दिसतो. घन सोन्याची पृष्ठीय ऊर्जा द्रवणांकाजवळ दर चौरस मीटरला सुमारे १.४ ज्यूल आणि द्रव सोन्याची सुमारे १.१४ ज्यूल धरता येते. घन सोन्याची घनता १९.३ आणि द्रवाची १७.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असल्यामुळे फुगण्याची दुरुस्ती सुमारे साडेसात टक्के येते, म्हणून द्रवाच्या बाजूला १.१४ ऐवजी १.२३ ज्यूल मोजावे लागतात. उरतो तो फरक केवळ ०.१७ ज्यूलचा, आणि द्रवणांकातील सारी घट त्या लहानशा शिलकीवर उभी असते. घन सोन्याचा आकडा पाच टक्क्यांनी चुकला तर ती शिल्लक चाळीस टक्क्यांनी बदलते, आणि द्रवणांकाच्या भाकितातही तेवढाच फरक पडतो. घन आणि द्रव यांची पृष्ठीय ऊर्जा अगदी सारखी असती तर शिल्लक ऋण झाली असती आणि लहान कणाचा द्रवणांक खाली येण्याऐवजी वर गेला असता. त्याचे कारण दाबात आहे. वक्र पृष्ठभाग आतल्या पदार्थाला आवळतो, आणि अडीच नॅनोमीटर त्रिज्येच्या द्रव सोन्याच्या थेंबात हा दाब सुमारे नऊ हजार वातावरणांइतका होतो. जो पदार्थ वितळताना फुगतो त्याला असा दाब वितळण्यापासून रोखतो. म्हणून लहान कण दाबामुळे लवकर वितळतो ही समजूत सोन्याच्या बाबतीत उलटी आहे. कण लवकर वितळतो तो घन पृष्ठभागाची किंमत द्रव पृष्ठभागाच्या किमतीपेक्षा पुरेशी जास्त असल्यामुळे, आणि दाबाचा विरोध मोडून काढूनही काही शिल्लक उरत असल्यामुळे.

सिद्धांत हाती आल्यानंतरही तो तपासायला जवळजवळ अर्धे शतक का लागले, याचे उत्तर याच सूत्रात आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकणाऱ्या, एक मायक्रोमीटर व्यासाच्या सोन्याच्या कणासाठी वरील आकडे घातले तर द्रवणांकातील घट एका अंशाहूनही कमी येते. हजार अंशांच्या पलीकडे एका कणाचे तापमान एवढ्या अचूकतेने मोजणे त्या काळच्या साधनांच्या आवाक्याबाहेरचे होते, शिवाय अशुद्धीनेही सहज एखाद-दोन अंशांची घट होऊ शकते, त्यामुळे मोजमापात फरक आढळला तरी तो वक्रतेचा की भेसळीचा हे ठरवता आले नसते. परिणाम निर्विवादपणे दिसण्यासाठी दृश्य प्रकाशाला दिसत नाहीत इतके लहान कण हवे होते. म्हणजेच कण घडवण्याची, त्यांचा आकार मोजण्याची आणि ते वितळल्याचे ओळखण्याची अशी तीन तंत्रे एकत्र येईपर्यंत वाट पाहण्याखेरीज इलाज नव्हता.

ती तंत्रे इलेक्ट्रॉनच्या झोताने दिली. स्फटिकातील अणू ठरावीक अंतरांवर रांगांमध्ये बसलेले असतात आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या लहरी काही कोनांतच एकमेकींना बळ देतात. या घटनेला विवर्तन म्हणतात. असंख्य लहान स्फटिक निरनिराळ्या दिशांना तोंड करून पडलेले असतील तर पडद्यावर एकात एक अशी तीक्ष्ण, रेखीव वर्तुळे उमटतात. द्रवात अणूंच्या रांगा नसतात, शेजाऱ्यांमधील सरासरी अंतर तेवढे टिकून असते, म्हणून द्रवाच्या विवर्तनात रेखीव वर्तुळांच्या जागी एक-दोन रुंद, धूसर कडी दिसतात. निर्वात कोठीत पातळ आधारावर बसवलेल्या धातूच्या थराला हळूहळू तापवत नेले आणि रेखीव वर्तुळे पुसून धूसर कडी उरली, की धातू वितळला असे म्हणता येते, आणि कण डोळ्याला दिसण्याची गरज राहत नाही.

जपानच्या मिएको ताकागी यांनी १९५४ मध्ये हाच मार्ग धरला. त्यांनी शिसे, कथील आणि बिस्मथ यांचे अतिशय पातळ थर निर्वातात घडवले आणि इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या साहाय्याने त्यांचे वितळणे व गोठणे पाहिले. थर जितका पातळ तितका त्याचा द्रवणांक नेहमीच्या आकड्यापेक्षा खाली सरकलेला त्यांना आढळला, आणि पावलोव्ह यांच्या भाकिताला स्पष्ट प्रायोगिक आधार मिळाला. त्यांच्या निरीक्षणांत आणखी एक गोष्ट होती. वितळलेला थर थंड करताना तो वितळण्याच्या तापमानाला पुन्हा गोठत नव्हता, त्याहून बऱ्याच खालच्या तापमानापर्यंत द्रवच राहत होता. याला अतिशीतन म्हणतात. गोठण्यासाठी द्रवात स्फटिकाचे पहिले बीज तयार व्हावे लागते आणि ते बीज फारच लहान असल्याने त्याचा पृष्ठभाग फार महाग पडतो, म्हणून गोठणे लांबणीवर पडते. वितळताना असा अडथळा सहसा येत नाही, कारण वितळणे पृष्ठभागापासूनच सुरू होऊ शकते. म्हणून लहान कणांच्या द्रवणांकाचे मोजमाप नेहमी तापवताना करावे लागते. थंड करताना मिळालेला आकडा गोठण्याच्या अडथळ्याविषयी सांगतो, समतोलाविषयी सांगत नाही.

पृष्ठभागापासून वितळणे सुरू होते या साध्या वाटणाऱ्या वाक्यामुळे पावलोव्ह यांच्या मांडणीपुढेही एक प्रश्न उभा राहिला होता. त्यांच्या हिशेबात कण एक तर पूर्ण घन असतो किंवा पूर्ण द्रव असतो, मधली अवस्था नसते. १९४८ मध्ये रीस आणि विल्सन यांनी वेगळे चित्र मांडले, ज्यात घन गाभ्याभोवती द्रवाचे पातळ कवच आहे आणि तापमान वाढताना हा गाभा त्या कवचाशी समतोल राखण्याचा प्रयत्न करतो. या चित्रात घन कणाचा निर्वाताला लागलेला उघडा पृष्ठभाग उरतच नाही. त्याच्या जागी दोन पृष्ठभाग येतात, बाहेर द्रव आणि निर्वात यांच्यामधला आणि आत घन आणि द्रव यांच्यामधला. घन आणि द्रव यांच्यातील सीमेची ऊर्जा बरीच कमी असते, पण गाभ्याची त्रिज्या कणाच्या त्रिज्येपेक्षा कवचाच्या जाडीइतकी लहान असल्यामुळे तिथली वक्रता अधिक तीव्र असते. १९६७ मध्ये व्रोन्स्की यांनी कथिलाच्या आणि १९७२ मध्ये कूम्ब्ज यांनी शिशाच्या लहान कणांवर केलेल्या मोजमापांत द्रवकवचाच्या या चित्राचा आधार घेतला गेला. दोन्ही चित्रांत द्रवणांक खालीच येतो, म्हणून केवळ घट दिसली एवढ्याने त्यांच्यातील निवड होऊ शकत नव्हती. निवड करण्यासाठी आकारमानाचा पल्ला पुरेसा खाली न्यावा लागणार होता.

तो पल्ला स्वित्झर्लंडमधील लोझान येथे गाठला गेला. फिलिप ब्यूफा आणि जाँ-पिएर बोरेल यांनी १९७६ मध्ये सोन्याच्या कणांवरील मोजमाप प्रसिद्ध केले, ज्यात कणांचे आकारमान दोन नॅनोमीटरच्या आसपासपर्यंत उतरले होते. सोने या कामाला सोयीचे होते, कारण त्याच्यावर ऑक्साइडचे आवरण चढत नाही आणि कणाचा पृष्ठभाग खरोखर सोन्याचाच राहतो. अशा प्रयोगात निर्वातात तापवलेल्या सोन्याची वाफ अतिशय पातळ कार्बनच्या पडद्यावर बसवली जाते. ती सलग थर न होता सुट्या बेटांच्या रूपात जमते, आणि किती सोने बसू दिले यावर बेटांचा व्यास ठरतो. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो कणांचे व्यास मोजून त्यांचे वितरण काढले जाते, आणि पडदा तापवत विवर्तनाच्या वर्तुळाची तीव्रता तापमानागणिक नोंदवली जाते.

या नोंदीचे वाचन जपून करावे लागते. तापमान वाढते तसे अणूंचे कंपन वाढते आणि वितळण्याच्या कितीतरी आधीपासून वर्तुळे सावकाश फिकी होऊ लागतात. ही घट संथ आणि नियमित असते, तर वितळण्याची घट त्यावर अचानक कोसळल्यासारखी येते, आणि दोन्ही वेगळ्या काढल्याशिवाय द्रवणांक सांगता येत नाही. शिवाय कोणत्याही पडद्यावर सर्व कण एकाच व्यासाचे नसतात. लहान कण आधी वितळतात आणि मोठे मागून, त्यामुळे कोसळण्याची पायरी एका तापमानाला न येता तापमानांच्या पट्ट्यावर पसरते, आणि त्या पट्ट्यातील कोणता बिंदू कोणत्या व्यासाशी जोडायचा हे वितरणावरूनच ठरवावे लागते. तापवताना शेजारचे कण सरकून एकमेकांत मिसळण्याचाही धोका असतो. तसे झाले तर प्रयोगाच्या शेवटी पडद्यावर सुरुवातीपेक्षा मोठे कण सापडतात आणि आधी मोजलेला व्यास निरुपयोगी ठरतो. म्हणून प्रयोगानंतर कणांचे व्यास पुन्हा मोजणे ही अशा कामातील महत्त्वाची खातरजमा असते.

मिळालेला आलेख मोठ्या आकारमानाकडे जवळजवळ सपाट होता, दहा नॅनोमीटरच्या खाली तो झुकू लागला, आणि पाच नॅनोमीटरच्या खाली कड्यासारखा उतरला. याच आलेखावर दोन्ही चित्रांची कसोटी लागते. वर घेतलेलेच आकडे पावलोव्ह यांच्या सूत्रात घातले तर दहा नॅनोमीटर व्यासाच्या कणाची घट सुमारे ७७ अंश, पाच नॅनोमीटरची सुमारे १५३ अंश आणि अडीच नॅनोमीटरची सुमारे ३०७ अंश येते. व्यास निम्मा झाला की घट दुप्पट, या सरळ नियमापलीकडे हे सूत्र जात नाही. द्रवकवचाच्या सूत्रात घन आणि द्रव यांच्यातील सीमेची ऊर्जा ०.२७ ज्यूल आणि कवचाची जाडी सुमारे ०.६२ नॅनोमीटर धरली, म्हणजे लोझानच्या मोजमापांशी जुळणारी मूल्ये घेतली, तर दहा नॅनोमीटरला सुमारे ७८ अंश, पाच नॅनोमीटरला सुमारे २०१ अंश आणि अडीच नॅनोमीटरला सुमारे ७१४ अंश इतकी घट येते. दहा नॅनोमीटरला दोन्ही सूत्रे एकाच आकड्यावर येतात, म्हणून तेवढ्या आकारमानाच्या कणांवर कितीही काळजीपूर्वक मोजमाप केले तरी त्यांच्यातील भेद सापडला नसता. अडीच नॅनोमीटरला मात्र एक सूत्र कण १०३० केल्व्हिनच्या आसपास वितळेल असे सांगते आणि दुसरे ६२० केल्व्हिनच्या आसपास. या फरकाचे मूळ भूमितीत आहे. कणाची त्रिज्या १.२५ नॅनोमीटर असताना ०.६२ नॅनोमीटरचे कवच वजा केले की गाभ्याला निम्मीच त्रिज्या उरते, आणि त्याची वक्रता कणाच्या वक्रतेच्या दुप्पट होते. लोझानच्या आलेखातील खोल उताराला द्रवकवचाचे चित्र नैसर्गिकपणे साथ देते.

तरीही या जुळणीतून किती निष्कर्ष काढावा याला मर्यादा आहे. कवचाची जाडी आणि सीमेची ऊर्जा ही दोन्ही मूल्ये स्वतंत्रपणे मोजलेली नव्हती, ती आलेखाशी जुळवून घेतलेली होती, आणि दोन मोकळी मूल्ये हाताशी असताना एखादा वक्र जुळणे हा त्या चित्राचा पूर्ण पुरावा ठरत नाही. कवच खरोखर असेल तर त्याचा परिणाम दुसऱ्या एखाद्या राशीतही दिसला पाहिजे. ती राशी अप्रकट उष्म्याची होती. कणाचा बाहेरचा थर आधीच द्रव असेल तर अखेरच्या वितळण्यात केवळ गाभाच भाग घेईल, आणि दर ग्रॅममागे लागणारी उष्णता नेहमीपेक्षा कमी भरेल. १९९६ मध्ये अमेरिकेत लाय, लेस्ली ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पातळ पडद्यावर उभारलेल्या अतिसंवेदनशील उष्मामापीने कथिलाच्या ५ ते ५० नॅनोमीटर त्रिज्येच्या कणांचा अप्रकट उष्मा मोजला. कण जसजसा लहान होत गेला तसतसा तो कमी होत गेला, आणि सर्वांत लहान कणांत ही घट सत्तर टक्क्यांपर्यंत पोहोचली. या निकालाचे स्पष्टीकरण त्यांनी द्रवकवच असलेल्या घन गाभ्याच्या आधारे दिले, आणि वितळण्याचा मागोवा प्रथमच विवर्तनाच्या धूसर कड्यांऐवजी उष्णतेच्या हिशेबातून घेता आला.

या निकालाने पावलोव्ह यांच्या मांडणीतील आणखी एक शांतपणे गृहीत धरलेली गोष्ट उघडी केली. अप्रकट उष्मा त्यांच्या सूत्रात छेदस्थानी आहे आणि तो मोठ्या नमुन्याच्या मूल्याइतकाच आहे असे धरलेले आहे. तो स्वतःच आकारमानागणिक घटत असेल, तर लहान त्रिज्येला व्यस्त प्रमाणाचा सरळ नियम मोडणे अटळ आहे.

पृष्ठभाग हेच घटीचे मूळ असेल तर पृष्ठभाग काढून घेतल्यावर परिणामही नाहीसा झाला पाहिजे, ही उलटी कसोटीही घेतली गेली. १९८६ मध्ये डेगेस, ग्लायटर आणि पेरेपेझ्को यांनी चांदीच्या स्फटिकांवर सोन्याचे आवरण चढवले. सोने आणि चांदी यांच्या स्फटिकरचना जवळजवळ एकसारख्या अंतरांच्या असल्यामुळे चांदीच्या बाहेरच्या अणूंना शेजारी मिळाले, आणि वितळणे सुरू होण्याची मोकळी जागाच उरली नाही. अशी चांदी आपल्या नेहमीच्या द्रवणांकाच्या वर सुमारे पंचवीस अंशांपर्यंत काही काळ घनच राहिली. ॲल्युमिनियमच्या आत नीट बसलेल्या शिशाच्या आणि इंडियमच्या अतिसूक्ष्म कणांतही अशीच वाढ आढळली आहे. म्हणून लहान कण नेहमी लवकर वितळतो हे विधान अपुरे आहे, त्याच्याभोवती निर्वात आहे, कार्बन आहे की दुसऱ्या धातूची घट्ट मिठी आहे, हे सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

आकारमान आणखी खाली नेल्यावर त्रिज्या हा शब्दच डळमळू लागतो. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे हाबरलांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ७० ते २०० अणूंच्या सोडियमच्या पुंजांचे द्रवणांक प्रसिद्ध केले. हे पुंज कोणत्याही पडद्यावर नव्हते, ते वायूत तरंगत होते, आणि वजनावरून निवडल्यामुळे प्रत्येकातील अणूंची नेमकी संख्या माहीत होती. सोडियमचा नेहमीचा द्रवणांक ३७१ केल्व्हिन आहे, आणि या पुंजांचा सरासरी त्याच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने खाली होता, म्हणजे घटीची दिशा जुन्या सिद्धांताने सांगितल्याप्रमाणेच होती. परंतु अणूंची संख्या वाढत जाताना द्रवणांक सुरळीत चढत नव्हता, तो कित्येक दशक अंशांनी वर-खाली होत होता, आणि त्याच्या चढउतारांचा मेळ केवळ अणूंच्या किंवा इलेक्ट्रॉनांच्या पूर्ण भरलेल्या थरांशी घालता येत नव्हता. २००० मध्ये श्वार्ट्सबुर्ग आणि जॅरोल्ड यांनी कथिलाच्या १० ते ३० अणूंच्या पुंजांविषयी याहून अनपेक्षित निकाल दिला, तो असा की हे पुंज कथिलाच्या नेहमीच्या द्रवणांकाच्या वर किमान ५० अंशांपर्यंत घनच राहतात. इतक्या थोड्या अणूंची मांडणी मोठ्या कथिलातील मांडणीसारखी नसतेच, त्यांचे बंध वेगळ्या घडणीचे असतात, आणि त्यांना पृष्ठभाग व गाभा अशा दोन भागांत तोडण्याला अर्थ उरत नाही.

विल्यम थॉमसन यांच्या थेंबापासून निघालेला विचार अशा रीतीने आपल्या कुंपणापर्यंत येऊन पोहोचला. पृष्ठीय ऊर्जा ही दर चौरस मीटरमागे मोजायची राशी आहे आणि वक्रता ही सलग, गुळगुळीत पृष्ठभागाची राशी आहे. शंभर नॅनोमीटरला या दोन्ही कल्पना निर्वेध चालतात, पाच नॅनोमीटरला द्रवकवचाची दुरुस्ती घेऊन चालतात, आणि शंभर अणूंच्या पुंजात एका अणूची भर पडताच द्रवणांक जेव्हा हिसका देतो, तेव्हा मोजायला ना चौरस मीटर उरतो ना गोलाई. त्या पुंजाचा द्रवणांक जाणून घ्यायचा तर त्रिज्या सांगून भागत नाही, अणूंची संख्या सांगावी लागते. पावलोव्ह यांच्या सूत्रातील त्रिज्येची जागा तेथे साध्या मोजणीने घेतली आहे, आणि सोन्याच्या द्रवणांकापुढे लिहिला जाणारा १०६४ हा आकडा त्या मोजणीच्या अगदी दूरच्या टोकाला, असंख्य अणूंच्या सोन्याला, लागू पडणारा आकडा ठरला आहे.